वाढीव किलोमागे दहा कॅलरी

‘मी काहीच खात नाही, तरी वजन वाढतं. माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे.’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, ऑफिसच्या डब्याच्या वेळी ऐकू येतं आणि जिमच्या रिसेप्शनवर तर रोज. त्याच टेबलावर एखादा काडीसारखा माणूस चौथी पोळी घेत असतो आणि सगळे म्हणतात, ‘ह्याच्या अंगी काही लागतच नाही, सगळं जळून जातं.’ म्हणजे जाड माणसाचं शरीर कॅलरी साठवतं आणि बारीक माणसाचं जाळतं, अशी आपली सर्वसाधारण समजूत. मोजायला गेलं की मात्र जवळजवळ दरवेळी उलटं निघतं. एकाच उंचीच्या, वयाच्या दोन माणसांपैकी ज्याचं वजन जास्त, तो नुसता पडून राहिला तरी जास्त कॅलरी जाळतो.

हे ठामपणे दाखवणारा एक जुना अभ्यास केंब्रिजचा आहे. अँड्र्यू प्रेंटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी काही लठ्ठ आणि काही सडपातळ स्त्रियांना एक खास पाणी प्यायला दिलं. या पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा किंचित जड असतो, चवीला काही फरक नाही. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे बाहेर जातो. जड ऑक्सिजन मात्र पाण्यावाटेही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोन आठवडे लघवीचे नमुने तपासून दोन्हींच्या कमी होण्याच्या वेगातला फरक काढला, की त्या काळात किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला ते कळतं. त्यावरून किती इंधन जळलं तेही कळतं. बाईने घरात बसून काय केलं, किती चालली, किती झोपली, हे विचारायची गरजच नाही.

आकडे असे आले. लठ्ठ स्त्रिया दिवसाला सरासरी सुमारे २,४४० कॅलरी जाळत होत्या, सडपातळ स्त्रिया सुमारे १,९१०. याच स्त्रियांना खाण्याची नोंदही ठेवायला सांगितली होती. सडपातळ स्त्रियांची नोंद खर्चाशी जवळपास तंतोतंत जुळली. लठ्ठ स्त्रियांच्या नोंदीत खर्चापेक्षा आठशेहून जास्त कॅलरी कमी भरल्या. यात कोणी खोटं बोलत होतं असं मानायचं कारण नाही. फोडणीचं तेल, मुलांच्या ताटात उरलेला घास, दुपारच्या चहाबरोबर खाल्लेलं काहीतरी, हे कोणाच्याच लक्षात राहत नाही आणि ज्याला वजनाची काळजी असते त्याच्या तर आणखी नाही. ‘स्लो मेटाबॉलिझम’ मात्र त्या गटात सापडलं नाही.

आता प्रश्न असा, की जास्त जळतं ते का? ‘ओझं जास्त म्हणून’ हे उत्तर चालताना, जिना चढताना लागू पडतं. शंभर किलोचं शरीर एक किलोमीटर न्यायला सत्तर किलोच्या शरीरापेक्षा जास्त ऊर्जा लागणार, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. पण दिवसभरात आपण जी ऊर्जा जाळतो तिचा मोठा भाग, बैठं काम करणाऱ्याच्या बाबतीत साधारण दोन तृतीयांश, चालण्याफिरण्यात जातच नाही. तो नुसतं जिवंत राहण्यात जातो. झोपलेल्या माणसाने ओझं कुठे उचललेलं असतं?

हा पडून असतानाचा खर्च मोजायची पद्धत साधी आहे. माणसाला सकाळी उपाशीपोटी बोलावतात, रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास झालेले असावे लागतात. त्याला अर्धा तास शांत आडवं करतात. झोपू द्यायचं नाही, पण मोबाइलही बघू द्यायचा नाही. डोक्यावर एक पारदर्शक घुमट ठेवतात, आतली हवा नळीने यंत्रात खेचली जाते आणि माणूस मिनिटाला किती ऑक्सिजन वापरतो ते मोजलं जातं. शरीरात अन्न जळताना दर लिटर ऑक्सिजनमागे सुमारे ४.८ कॅलरी (आपण बोलीभाषेत म्हणतो त्या, म्हणजे किलोकॅलरी) बाहेर पडतात. मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन वापरणारा माणूस दिवसाला ३६० लिटर वापरतो, म्हणजे त्याचा विश्रांतीतला खर्च सतराशेच्या आसपास. ही चाचणी सगळीकडे होत नाही, म्हणून आहारतज्ज्ञ सूत्र वापरतात. १९९० साली अमेरिकेत ४९८ निरोगी माणसांच्या मोजमापांवरून काढलेलं मिफ्लिन आणि सहकाऱ्यांचं सूत्र आज सगळ्यात जास्त चालतं. पुरुषांसाठी ते असं आहे: किलोतलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, उणे वय गुणिले ५, अधिक ५. स्त्रियांसाठी शेवटच्या अधिक ५ ऐवजी उणे १६१.

तीस वर्षांचा, १७० सेंटिमीटर उंचीचा पुरुष घेऊ. वजन ७० किलो असेल तर सूत्र सांगतं १,६१८ कॅलरी. त्याच उंचीचा, त्याच वयाचा, पण १०० किलोचा पुरुष घेतला तर १,९१८. पडल्या पडल्या तीनशे कॅलरी जास्त, हे खरं. पण जरा थांबून हेच आकडे दुसऱ्या बाजूने पाहा. वजन ४३ टक्क्यांनी वाढलं आणि खर्च मात्र १९ टक्क्यांनीच. सत्तर किलोवाला किलोमागे २३ कॅलरी जाळतो, शंभर किलोवाला १९. सूत्रातला तो ‘गुणिले १०’ मला या सगळ्या विषयातला सगळ्यात बोलका आकडा वाटतो. मुळातल्या सत्तर किलोंची सरासरी किलोमागे २३ आणि नंतर चढलेल्या प्रत्येक किलोमागे फक्त १०. वरून चढलेला किलो मूळ किलोच्या निम्म्याहूनही कमी जाळतो. असं का?

कारण शरीरातला प्रत्येक किलो सारखा नाही. वेगवेगळे अवयव विश्रांतीत किती जाळतात याचे आकडे ब्रिटिश संशोधक मारिनोस एलिया यांनी १९९२ साली एकत्र मांडले आणि अजूनही या क्षेत्रात तेच आधाराला घेतात. हृदय आणि मूत्रपिंडं किलोमागे दिवसाला सुमारे ४४० कॅलरी जाळतात. मेंदू २४०, यकृत २००. स्नायू, ज्यांच्याबद्दल जिममध्ये एवढं बोललं जातं, ते विश्रांतीत किलोमागे फक्त १३. आणि चरबी साडेचार.

सत्तर किलोच्या तरुण पुरुषात मेंदू साधारण १.४ किलो, यकृत १.८ किलो, हृदय आणि दोन्ही मूत्रपिंडं प्रत्येकी तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम. चारही मिळून चार किलोसुद्धा भरत नाहीत, वजनाच्या जेमतेम साडेपाच टक्के. पण हेच चार अवयव विश्रांतीतल्या ऊर्जेचा अर्ध्याहून जास्त, जवळपास ५८ टक्के भाग खातात. उलट अठ्ठावीस किलो स्नायूंच्या वाट्याला येतात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे एकट्या यकृताइतक्याच. सोसायटीच्या लाइट बिलासारखाच हा प्रकार आहे. बिल येतं ते लिफ्टचं आणि पाण्याच्या पंपाचं. गच्चीवर आणखी दोन अडगळीच्या खोल्या बांधल्या तर इमारतीचं क्षेत्रफळ वाढेल, बिलात पाच-पन्नास रुपयांची भर पडेल, बस.

हे अवयव एवढं का जाळतात हे मूत्रपिंडात सगळ्यात छान दिसतं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. गाळायचं काम रक्तदाब करून देतो, त्याला मूत्रपिंडाची स्वतःची ऊर्जा फारशी लागत नाही. परत घेण्याचं काम मात्र फुकट होत नाही. पाणी सोडियमच्या मागोमाग जातं आणि सोडियम आत ओढायला पेशींच्या भिंतीतले सूक्ष्म पंप रात्रंदिवस चालवावे लागतात. मेंदूचंही तसंच. विचार करायला नव्हे, तर पेशींमधला क्षारांचा तोल सांभाळायलाच त्याची बहुतेक ऊर्जा जाते. म्हणूनच गणित सोडवताना आणि छताकडे बघत बसताना मेंदूच्या एकूण खर्चात फार फरक पडत नाही. हृदय दिवसाला लाखभर वेळा आकुंचन पावतं. चरबीच्या पेशीत काय असतं? एक मोठा तेलाचा थेंब आणि कडेला दाबून बसलेली थोडीशी यंत्रणा. तो थेंब नुसता पडून असतो, त्याला काही जाळावं लागत नाही.

आता आपल्या शंभर किलोच्या माणसाकडे परत येऊ. त्याच्या अंगावर सत्तर किलोवाल्यापेक्षा तीस किलो जास्त आहेत. वजन वाढतं तेव्हा ते निव्वळ चरबीचं नसतं. ढोबळमानाने त्यातला पाऊण भाग चरबी आणि पाव भाग इतर ऊती धरतात, कारण तेवढं वजन पेलायला पाय-पाठीचे स्नायू वाढतात, रक्त वाढतं, त्वचाही वाढते. म्हणजे साडेबावीस किलो चरबी आणि साडेसात किलो बाकीचं. चरबीचे साडेचारप्रमाणे शंभर कॅलरी झाले. साडेसात किलोंना स्नायूंचा दर लावला तर जवळपास शंभरच. बेरीज दोनशे. सूत्र तर तीनशे सांगतंय. उरलेले शंभर कुठून आले?

ते आले अवयवांतून. मोठ्या शरीराला रक्त पुरवायचं म्हणून हृदय जाड होतं, मूत्रपिंडं मोठी होऊन जास्त गाळायला लागतात, यकृतही वाढतं. मेंदू मात्र तेवढाच राहतो. समजा हृदय ८० ग्रॅमने, मूत्रपिंडं ६० ग्रॅमने आणि यकृत २०० ग्रॅमने वाढलं. हे आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत, माणसागणिक ते बदलतील. पण त्यांचे अनुक्रमे ३५, २६ आणि ४० कॅलरी होतात आणि बेरीज शंभराला पोहोचते. म्हणजे साडेबावीस किलो चरबी दिवसाला जेवढं जाळते, तेवढंच अवयवांतली ३४० ग्रॅमची भर जाळून टाकते. जड माणसाचा खर्च जास्त का, आणि तरीही वजनाच्या मानाने कमी का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं याच हिशेबात आहेत. वाढलेल्या वजनात स्वस्त ऊती भरमसाट असतात आणि महाग ऊती थोड्या, पण थोड्या असल्या तरी त्यांचं वजन पडतं.

तान्ह्या बाळात हाच नियम दुसऱ्या टोकाला दिसतो. नवजात बाळाचा मेंदू त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असतो, मोठ्या माणसात तो दोन टक्के. बाळ विश्रांतीत किलोमागे पन्नासच्या आसपास कॅलरी जाळतं, म्हणजे आपल्या दुपटीहून जास्त, आणि त्यातल्या अर्ध्याहून अधिक एकटा मेंदू घेतो. वाढत्या वयात हातापायांचे स्नायू भराभर वाढतात, मेंदू त्या वेगाने वाढत नाही आणि किलोमागचा आकडा खाली येत जातो.

प्राण्यांमध्येही मोठं शरीर किलोमागे कमी जाळतं. स्विस-अमेरिकन शास्त्रज्ञ मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली कबुतरापासून बैलापर्यंत आकडे मांडून दाखवलं, की विश्रांतीतला खर्च वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, वजनाच्या पाऊणाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. या नियमाने वीस ग्रॅमचा उंदीर किलोमागे दिवसाला १८० हून जास्त कॅलरी जाळतो आणि चार टनांचा हत्ती नऊच्या आत. पण इथे एक सावधगिरी हवी. उंदीर आणि हत्तीच्या तुलनेत अवयवांचं प्रमाण बदलतं तसा पेशींचा वेगही बदलतो. उंदराच्या यकृताचा एक ग्रॅम हत्तीच्या यकृताच्या ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त जाळतो. बारीक माणूस आणि जाड माणूस यांच्यात तसं नसतं, त्यांच्या यकृताचा दर जवळपास सारखाच असतो आणि फरक पडतो तो मुख्यतः कुठली ऊती किती आहे याचा. ‘पाऊणाव्या घाताचं’ सूत्र उचलून माणसांच्या वजनाला लावणारे लेख वाचनात येतात, ते या ठिकाणी घसरतात.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी किती असू शकते, हे त्या एका पानाने जगाला दाखवलं. ऊर्जेच्या हिशेबात याचा अर्थ असा, की पाश्चात्त्य माणसांवरून काढलेली सूत्रं भारतीयांचा विश्रांतीतला खर्च थोडा फुगवून सांगतात. अनेक वर्षं यावरून ‘भारतीयांचं चयापचयच मंद’ असा निष्कर्ष काढला जायचा. १९९८ साली भारत आणि ऑस्ट्रेलियातली मोजमापं शरीररचना लक्षात घेऊन शेजारी ठेवली, तेव्हा वंशाचा वेगळा परिणाम दिसला नाही. चरबी वगळून जे शरीर उरतं, ते आपल्याकडे कमी आहे, एवढंच. आणि फरक फार मोठा आहे असंही समजू नका. पासष्ट किलोच्या दोन माणसांत बारा टक्के चरबीचा फरक असेल आणि ती जागा स्नायूंनी घेतली असेल, तर दिवसाला जेमतेम सत्तर कॅलरींचा फरक पडतो. चहात दोन-तीन चमचे साखर जास्त घातली की तेवढा भरून निघतो.

याच आकड्यांनी जिममधलं एक आवडतं आश्वासन उघडं पडतं. ‘मसल बनवा, मग झोपेतही फॅट जळेल.’ एक किलो स्नायू कमवायला नवशिक्यालाही महिन्यांची मेहनत लागते आणि तो किलो विश्रांतीत दिवसाला १३ कॅलरी जाळतो. दीड ग्रॅम तेलात तेवढ्या असतात. स्नायू जरूर कमवावेत, साखर आटोक्यात राहते, म्हातारपणी खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येतं. पण झोपेत कॅलरी जाळायला म्हणून कमवायचे असतील तर पैसे परत मागावे लागतील.

वजन उतरवणाऱ्याची सगळ्यात मोठी फसगत होते ती शेवटी. आपलाच शंभर किलोचा माणूस घेऊ. हलक्या हालचालीसकट त्याचा दिवसाचा एकूण खर्च विश्रांतीच्या दीडपट धरला, तर तो सुमारे २,८८० कॅलरी जाळतो. आहारतज्ज्ञाने त्याला २,२५० चा तक्ता दिला. रोज सव्वासहाशेची तूट, वजन झपाट्याने उतरतं, सगळे खूष. ८५ किलोवर आला की त्याचा खर्च २,६५० वर येतो आणि त्याच तक्त्यात तूट उरते चारशेची. ७५ किलोवर खर्च २,५०० आणि तूट अडीचशेची. त्याने एक घासही जास्त खाल्लेला नाही, तरी वजनाचा काटा हलेनासा होतो. त्यात सूत्रात न बसणारी एक घट आणखी होते. झपाट्याने खूप वजन उतरवलं की शरीर अपेक्षेपेक्षाही कमी जाळायला लागतं. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूजर’ या टीव्ही स्पर्धेतले चौदा स्पर्धक सहा वर्षांनी तपासले, तेव्हा त्यांचा विश्रांतीतला खर्च त्यांच्या वजन-वयाच्या हिशेबापेक्षा सरासरी पाचशे कॅलरींनी कमी भरला होता. हे टोकाचं उदाहरण आहे, घरच्या घरी पाच-सात किलो कमी करणाऱ्याने घाबरून जाऊ नये. पण ‘स्लो मेटाबॉलिझम’ खरोखर कुठे सापडत असेल तर ते इथे, वजन उतरवलेल्या माणसात सापडतं.

जिममधलं मशीन पायाखालून बारीक करंट सोडून ‘तुमचा बीएमआर १,७४२’ असा चार आकडी निकाल छापून देतं. त्याने तुमचा ऑक्सिजन मोजलेला नसतो. पाण्याचं प्रमाण ताडून, वजन-उंची-वय सूत्रात घालून काढलेला तो अंदाज असतो, शेवटच्या ‘बेचाळीस’ला काही अर्थ नसतो. चांगलं सूत्रही दहापैकी सात-आठ जणांच्या बाबतीतच खऱ्या मोजमापाच्या दहा टक्क्यांच्या आत येतं. फार जाड माणसात ते आणखी चुकतं, कारण त्याच्या चरबीचं आणि अवयवांचं प्रमाण सूत्राला ठाऊक नसतं. तेव्हा त्या कागदावर आहार बेतायचा असेल तर तो सुरुवातीपुरता बेतावा, तीन-चार आठवडे काटा काय म्हणतो ते पाहून दुरुस्त करावा आणि दर पाच किलो उतरल्यावर नव्या वजनाने पुन्हा मांडावा. शंभर किलोला दिलेला तक्ता पंचाहत्तर किलोलाही चालवणारा आहारतज्ज्ञ भेटला, तर दुसरा शोधा.